‘त्याने त्याला समजावण्याचे कबूल केले’ : पण कोणी, कोणाला?

प्रश्न : आमच्या गावच्या तंटामुक्त समितीच्या बैठकीचं टिपण मी लिहिते आणि ग्रामसभेत माइकवर वाचून दाखवते. मागच्या सभेत हे वाक्य वाचलं : ‘किसनाने बाबारावला, ज्याच्या भावाने त्याच्या वावरातून पाइप टाकला होता, त्याच्या मोटरच्या पाण्याने त्याची तूर पिवळी पडल्याचे सांगितल्यावर त्याने त्याला समजावण्याचे कबूल केले.’ लोक विचारायला लागले, कोणी कोणाला समजावायचं? व्याकरणात तर चूक दिसत नाही. मग अडलं कुठं?

उत्तर : ताई, व्याकरणात चूक नाहीच. पण या वाक्यात माणसं तीन आहेत, तिन्ही पुरुष, आणि त्यांच्यासाठी ‘त्या’ची रूपं पाच. पाचांपुढं नावं लिहून पाहा. वावर किसनाचं. मोटर भावाची. तूर किसनाची. कबूल केलं बाबारावनं. समजावायचं भावाला. हे मी अंदाजानं लावलं, कारण ज्याची तूर गेली तोच तक्रार करणार. मोटर मात्र बाबारावची असेल तर? वाक्यातून ते ठरवता येत नाही.

उलट सभेत बहुतेकांनी मोटर बाबारावचीच धरली असणार. मराठीत ‘ज्याच्या’ आलं की कान पुढच्या ‘त्या’ची वाट पाहतो. ज्यानं पेरलं त्यानं कापलं, अशी ही जोडी असते. तुमच्या वाक्यात ‘ज्याच्या’ म्हणजे बाबाराव. ते पोटवाक्य ‘टाकला होता’ला संपलं, आणि लगेच आलं ‘त्याच्या मोटरच्या’. कानानं जोडी जुळवली : ज्याच्या भावानं पाइप टाकला त्या बाबारावची मोटर. कागदावर स्वल्पविराम दिसतो, डोळा मागं जाऊन पुन्हा वाचतो. माइकवर स्वल्पविराम ऐकू येत नाही, आणि ऐकणाऱ्याला मागं जाता येत नाही.

एरवी मराठीत क्रियापद मदतीला येतं. ‘येतो’ म्हटलं की पुरुष, ‘येते’ म्हटलं की बाई. पण टिपण लिहायचं भूतकाळात, आणि तिथं कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याकडं पाहतच नाही. किसनानं कबूल केलं, शांताबाईनं कबूल केलं, सगळ्यांनी कबूल केलं. ‘केलं’ तसंच राहतं. त्यात ‘तो’ आणि ‘ते’ वेगळे असले तरी ‘ने’पुढं दोघांचंही ‘त्याने’ होतं. म्हणजे ‘त्याने तूर खाल्ली’ यात खाणारा बैल असेल किंवा वासरू.

आता ‘सांगितल्यावर’ हा शब्द पाहा. खरी घसरण तिथं आहे. ‘-ऊन’ लावलं की दोन्ही कामं सहसा एकाच माणसाची होतात. ‘किसनाने बाबारावला भेटून तक्रार केली’ यात भेटणारा किसना आणि तक्रार करणाराही किसनाच. शंका घ्यायला जागा नाही. ‘-ल्यावर’ असं बांधून ठेवत नाही. त्याच्या अलीकडं एक माणूस, पलीकडं दुसरा, असं चालतं. तुमच्या वाक्यात सांगणारा किसना होता आणि कबूल करणारा बाबाराव, म्हणजे माणूस बदलला. पण बदलल्याची खूण फक्त ‘त्याने’. म्हणून माझा नियम सोपा आहे : माणूस तोच असेल तर ‘-ऊन’ ठेवा, हवं तर सर्वनामही गाळा. माणूस बदलला की वाक्य तोडा आणि नव्या वाक्याच्या तोंडी नाव घ्या.

तसं करून मी टिपण असं लिहीन. भावाचं नाव तुमच्या वाक्यात नाहीच, ते घालावं लागेल. गजानन म्हणू :

‘बाबारावचा भाऊ गजानन याने किसनाच्या वावरातून पाइप टाकला आहे. गजाननच्या मोटरचे पाणी किसनाच्या तुरीत साचून तूर पिवळी पडली. ही तक्रार किसनाने बाबारावला भेटून सांगितली. गजाननला समजावून सांगण्याचे बाबारावने कबूल केले.’

चार वाक्यं झाली. नातं आधी सांगितलं, मग जे घडलं ते घडलं त्या क्रमानं. ‘त्या’चं एकही रूप नाही. ‘गजानन’ आणि ‘किसना’ तीन-तीनदा आले. शाळेत गुरुजींनी ‘तेच नाव पुन्हा लिहू नका, सर्वनाम वापरा’ असं सांगितलेलं असतं. निबंधात ते ठीक आहे. ऐकायच्या मजकुरात नाव पुन्हा आलेलं कोणाला खुपत नाही. (शेगावच्या कृपेनं आपल्याकडं गावात गजानन एकच असेल याची खात्री नाही. दोन असले तर पहिल्याच वाक्यात वडिलांचं नाव जोडा.)

नावं टाळायला काही जण ‘अर्जदार’ आणि ‘गैरअर्जदार’ लिहितात. कचेरीच्या कागदावर ते चालतं. भोंग्यावर ‘गैर’ वाऱ्यानं उडाला की सगळेच अर्जदार.

मग ‘आपला’ वापरला तर? थोडा उपयोग होतो. ‘किसनाने बाबारावला आपल्या वावरात नेले’ म्हणजे किसनाच्या वावरात, आणि ‘त्याच्या वावरात नेले’ म्हणजे बहुधा बाबारावच्या. पण ‘किसनाने बाबारावला आपली मोटर बंद करायला सांगितले’ यात सांगणारा एक आणि बंद करणारा दुसरा, त्यामुळं ‘आपली’ दोघांकडंही ओढली जाते. ‘स्वतःची’ म्हटलं तर कल बंद करणाऱ्याकडं जातो. तरी मी ‘बाबारावची मोटर’ असंच लिहीन. ग्रामसभेत आणखी एक अडचण आहे. ‘सरपंचांनी आपल्या विहिरीचे पाणी दिले’ असं वाचलं की अर्धी सभा ती गावाची विहीर समजते.

आदराचं रूपही कधी कामी येतं. बाबाराव वडीलधारे असतील तर ‘बाबारावांनी’, ‘त्यांनी’ असं लिहा. मग ‘त्याने’ म्हणजे किसना हे ओघानंच कळतं. फक्त ‘त्यांनी’ म्हणजे ‘त्या दोघांनी’ असंही ऐकू येतं, म्हणून महत्त्वाच्या कामापाशी, जसं इथं कबूल करणं, नावच असू द्या.

गंमत म्हणजे हीच गोष्ट पारावर सांगताना कोणी घोटाळा करत नाही. ‘किसन्यानं बाबारावले म्हटलं, तुह्या भावाच्या मोटरीनं माही तूर पिवळी पडली.’ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले की ‘तुह्या’ आणि ‘माही’ आपोआप दोन माणसं वेगळी करतात. टिपणातही हे चालतं : किसना म्हणाला, ‘बाबाराव, तुमच्या भावाच्या मोटरने माझी तूर पिवळी पडली.’ हेच ‘त्याच्या भावाच्या मोटरने त्याची तूर’ असं फिरवून लिहिलं की ‘तुमच्या’ आणि ‘माझी’ दोन्हींचं ‘त्या’ होतं आणि घोळ सुरू होतो. एकच काळजी घ्या. अवतरणचिन्हही ऐकू येत नाही, म्हणून ‘किसना म्हणाला’ हे आधी वाचा, जरा थांबा, मग त्याचे शब्द.

एका ठिकाणी मात्र नाव घालू नका. मोटर कोणी चालू ठेवली हे बैठकीत ठरलं नसेल, तर ‘गजाननने मोटर चालू ठेवली’ असं लिहू नका. ‘गजाननची मोटर चालू राहिली’ असं लिहा. पहिल्या वाक्यात दोष गजाननच्या माथी येतो. दुसऱ्यात मोटर त्याची एवढंच कळतं, बटण कोणाच्या हातचं ते नाही.