गुणवत्ता यादीतील समान गुण आणि वाढीव गुण

प्रश्न : मी वर्गशिक्षिका आहे. ६०० पैकी ४४१ गुणांचा विद्यार्थी पहिला आला आणि तिघांना ४३८ गुण पडले, म्हणून मी त्यांना आडनावाच्या क्रमाने दुसरा, तिसरा आणि चौथा क्रमांक दिला. चौथ्याच्या गुणांत ३ वाढीव गुण आहेत. आता तिसऱ्याच्या आणि ४३६ गुणांनी पाचव्या आलेल्याच्या पालकांनी लेखी तक्रार केली आहे. नियमावलीत याबद्दल काहीच नाही. यादी बदलावी का?

उत्तर : होय, बदलावी, मात्र दोन्ही तक्रारींची कारणे वेगळी असल्याने त्यांचा निर्णय वेगवेगळा लिहावा.

आडनावाचा गुणवत्तेशी संबंध नाही, आणि गुण हाती आल्यावर लावलेली कसोटी कितीही सद्हेतूने लावली असली तरी ती विशिष्ट विद्यार्थ्यासाठी निवडल्याचा संशय राहतो. एखाद्या विषयातील गुण किंवा वय पाहण्याचा नियम परीक्षेपूर्वी जाहीर नसेल, तर समान गुणांना समान क्रमांक देणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

वाढीव गुणांबाबत ते कशासाठी दिले, हे आधी पाहावे. एका विषयात ३२ गुण असलेल्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण होण्यासाठी ३ गुण देऊन ३५ केले असतील, तर त्या सवलतीचे काम उत्तीर्णतेपाशी संपते आणि क्रमांकासाठी त्याची बेरीज ४३५ धरावी लागते. प्रश्न चुकीचा निघाल्यामुळे सर्वांना दिलेले गुण मात्र सवलत नसून दुरुस्ती असतात, ते वगळू नयेत. हा फरक न केल्याने अनेक याद्या वादात सापडतात.

तुमच्या विद्यार्थ्याचे ३ गुण उत्तीर्णतेसाठीच दिलेले असतील, तर ४४१ गुणांचा विद्यार्थी पहिला, ४३८ चे दोघे संयुक्तपणे दुसरे, ४३६ चा चौथा आणि वाढीव गुण मिळालेला पाचवा येईल. दोघे दुसरे असल्यामुळे तिसरा क्रमांक रिकामा राहील. पाचव्याचा क्रमांक खाली जात असल्याने नवी यादी लावण्याआधी त्याच्या पालकांना हिशेब दाखवून त्यांचे म्हणणे ऐकावे व त्याची लेखी नोंद ठेवावी; ही पायरी गाळली, तर योग्य निर्णयही अन्यायकारक ठरू शकतो. त्याची उत्तीर्णता आणि गुणपत्रिका यांना धक्का लागत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगावे.

यादीखाली मुख्याध्यापकांच्या सहीने पुढील टीप द्यावी : ‘क्रमांक ठरवताना उत्तीर्णतेसाठी दिलेले वाढीव गुण धरलेले नाहीत. समान गुणांना समान क्रमांक दिला असून त्यानंतरचा क्रमांक रिक्त ठेवला आहे. ही यादी आधीच्या यादीऐवजी लागू आहे. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.’

वाढीव गुण कोणाला मिळाले, हे टीपेत लिहू नये. आपल्या मुलाचा हिशेब प्रत्येक पालकाला मागता येतो, पण दुसऱ्याच्या मुलाची सवलत फलकावर झळकण्याचे कारण नाही.