कोणत्या गिऱ्हाइकाचा शब्द पुढे ठेवायचा?

«बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे. ग्रे आयर्नच्या पंप आणि व्हॉल्व्ह बॉडी करतो. छोटे लॉट आणि प्रेशरला न गळणारा माल, ही आमची ओळख व्हावी असं वाटतं. गिऱ्हाइकांची चांगली पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बरेच आहेत. कॅटलॉगमध्ये आणि वेबसाइटवर कोणते घेऊ? सगळ्यात मोठ्या कंपनीचं नाव वर ठेवू का?»

मोठ्या कंपनीचं नाव वर ठेवू नका. आधी ती कंपनी तुमच्याकडून नेमकं काय घेते ते बघा. बहुतेक वेळा अशा कंपन्या छोट्या फाउंड्रीकडून साधा माल घेतात: काउंटरवेट, ब्रॅकेट, बेस प्लेट. त्यात प्रेशरचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्हाला ओळख हवी आहे, तिच्याबद्दल त्यांच्या पत्रात एक ओळही नसणार. शिवाय साठ नगांची ऑर्डर घेऊन येणारा माणूस ते नाव वाचून बिचकतो. ‘यांच्याकडे एवढी मोठी गिऱ्हाइकं, माझे साठ नग कोण मनावर घेणार?’ असं त्याच्या मनात येतं, आणि तुम्हाला तर नेमका तोच माणूस हवा आहे. नाव द्यायचंच असेल तर मागच्या पानावरच्या यादीत द्या.

आता सगळी पत्रं समोर घ्या आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा. हे गिऱ्हाईक तुमच्याकडे येण्याआधी कुठे अडलं होतं? आणि ते कौतुक कशाचं करतं? ज्यांच्या बाबतीत या दोन्हींचं उत्तर गळती किंवा छोटा लॉट असं येतं, तेवढीच बाजूला काढा. ‘मालक फार विश्वासू आहेत, सेवा उत्तम’ अशी पत्रं गोड वाटतात, पण तुमच्या फाउंड्रीचं नाव झाकून शेजारच्या फाउंड्रीचं घातलं तरी ती तशीच्या तशी लागू पडतात. ती भिंतीवर लावा, कॅटलॉगमध्ये नको. ‘दर परवडतो’ हे वाक्य तर कुठेच नको. आपल्याकडे कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो, आणि दराचं कौतुक वाचून येणारा माणूस किलोचा दर पाडायलाच येतो.

उलट एखादा म्हणाला, ‘यांचा दर किलोमागे जास्त आहे, तरी मी इथूनच घेतो,’ तर ते वाक्य जपून ठेवा. तक्रार म्हणून ते कापून टाकू नका. जास्त दर देऊनही तो का टिकला, हे पुढच्याच वाक्यात येणार असतं. वाचणाऱ्यालाही ते खरं वाटतं, कारण निव्वळ स्तुती करणाऱ्यावर बाजारात कुणी विश्वास ठेवत नाही. कोणती खोट दाखवायची याला मात्र मर्यादा आहे. ‘पहिलं सॅम्पल उशिरा मिळालं, पॅटर्न दोनदा दुरुस्त करावा लागला’ हे चालेल. ‘कधीतरी एखादा नग गळतो’ असं कुणी म्हणालं तर मात्र तो कॅटलॉगचा नाही, तुमच्या क्वालिटीचा विषय आहे. आधी तिकडे बघा.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा कोल्हापूरजवळ शिरोलीला एक पंपवाला तुमचं गिऱ्हाईक आहे. त्याने मेसेज पाठवलाय: ‘माल चांगला, वेळेवर मिळतो, धन्यवाद.’ हे छापून उपयोग नाही. पण या माणसाकडे खरी गोष्ट आहे आणि ती विचारून काढावी लागते. ‘दोन ओळी लिहून द्या’ म्हणालात की असंच काहीतरी येतं. त्यापेक्षा त्याच्या शॉपवर जाऊन बसा, आणि मालकाशी बोलून झालं की मशीन शॉपच्या सुपरवायझरला भेटा. गळका नग पहिल्यांदा त्याच्याच हाताला लागतो. क्रमाने विचारा: आमच्याआधी काय होत होतं? ते कधी कळायचं? त्यात काय वाया जायचं? आमच्याकडे यायला कशाची शंका होती? आता काय बदललं?

मग कळतं की आधीचं कास्टिंग बाहेरून स्वच्छ दिसायचं. बोअर मारल्यावर कातडीखालचं ब्लो-होल उघडं पडायचं, किंवा तेही लपून राहायचं आणि हायड्रो टेस्टला पाणी झिरपायचं. तोपर्यंत त्या नगावर मशीनचे तास खर्च झालेले असायचे. सुपरवायझर म्हणतो, ‘कास्टिंग बदलून मिळतं हो, मशीनिंगचे पैसे कोण देणार?’ तुमच्या पानावर सगळ्यात वर हे वाक्य हवं, त्याच्याच शब्दांत. त्याचं पुस्तकी मराठी करू नका. हा त्रास असलेला दुसरा पंपवाला हे वाचून तिथेच थांबेल.

पुढे तुम्ही काय केलं ते चार ओळींत सांगा: कोर नीट वाळवूनच वापरले, कोरमधून गॅस बाहेर पडायला वाट दिली, वाळूतला ओलावा रोज मोजला. इथे एक पथ्य पाळा. त्याच काळात पंपवाल्याने ड्रॉइंगमध्ये एखादी जाडी बदलली असेल किंवा कोपऱ्याला गोलाई दिली असेल, तर तेही लिहा. सगळं श्रेय स्वतःकडे घेतलंत आणि उद्या वाचणाऱ्याने त्याला फोन केला, तर गोष्ट तिथेच उघडी पडते. आकडाही त्याच्या रिजेक्शन रजिस्टरमधलाच घ्या, आणि किती लॉटांवरचा, कोणत्या महिन्यांतला, ते सोबत द्या. रजिस्टर नसेल तर आकडा नको, सुपरवायझरचं वाक्य पुरेसं आहे. एका गिऱ्हाइकाचा अनुभव हा सगळ्यांना दिलेला शब्द होत नाही, म्हणून ‘शून्य गळती’ अशी भाषा टाळा.

छापण्याआधी मजकूर त्याला दाखवा आणि लेखी परवानगी घ्या. फोटोकडे विशेष लक्ष द्या. बॉडीच्या फोटोवरून त्याचं डिझाइन स्पर्धकाला कळू शकतं, म्हणून पार्ट नंबर आणि ड्रॉइंग दिसता कामा नये. फसव्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल केंद्र सरकारची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शिफारस करणाऱ्याचं मत खरं, अलीकडचं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असावं, असं त्यांत म्हटलंय. शिफारस करणाऱ्याशी काही संबंध असेल तर तो उघड सांगावा लागतो. मेव्हण्याच्या वर्कशॉपचं पत्र छापणार असाल तर हे लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर तसलं पत्र घेऊच नका.

अशा दोन-तीन गोष्टी पुरे आहेत, फक्त त्या एकाच माणसाच्या नकोत. शिरोलीचा पंपवाला मराठीत, हुबळीचा हायड्रॉलिक्सवाला कन्नडमध्ये, आणि तिसरा बेळगावातलाच, ज्याचा लॉट अगदी लहान असतो. हुबळी-धारवाडकडे पाठवायच्या कॅटलॉगमध्ये कन्नड मजकूर वर घ्या, कोल्हापूर-इचलकरंजीकडे जाणाऱ्यात मराठी.

निवड बरोबर झाली की नाही, ते चौकशीच्या फोनवरून कळेल. फोनशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक नव्या माणसाचा पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या. ‘किलोचा दर काय?’ हेच येत राहिलं तर पानावर अजून चुकीची माणसं बोलतायत. ‘टेस्ट करून देता का?’, ‘पन्नास नग घ्याल का?’ असं यायला लागलं की ती पानं तशीच राहू द्या, आणि पुढच्या कॅटलॉगसाठी त्या नव्या माणसांपैकी कुणाकडे जायचं ते आत्ताच वहीत खूण करून ठेवा.