'बाराशेला' म्हणजे कशाचे बाराशे?

"सिंगापूरच्या चुलतभावाचा मेसेज आलाय: 'दाताची कॅप इथे १२०० ला पडते, पुण्यात किती? कुठे स्वस्त ते बघ.' रुपये, डॉलर काहीच लिहिलेलं नाही. पण 'ला' आहे, म्हणजे रुपयेच धरायचे ना?"

नाही, 'ला'वरून ते ठरत नाही. पूर्ण बोलायचं तर आपण 'बाराशे रुपयांना' किंवा 'बाराशे डॉलरला' म्हणतो. नाणं गाळलं की प्रत्यय थेट आकड्याला लागतो आणि दोन्हींचं 'बाराशेला'च होतं. 'रुपयांना'मधला 'ना' गेला, तिथेच चलनाची खूण पुसली गेली.

एरवी ही गाळलेली जागा आपण वस्तूवरून भरतो. कोथरूडला 'रिक्षा पंच्याऐंशीला पडली' ऐकलं की रुपये समजतात, 'फ्लॅट पंच्याऐंशीला गेला' ऐकलं की लाख. शब्द तोच, तरी कुणी गोंधळत नाही, कारण दोघांनाही रिक्षाचं भाडं आणि फ्लॅटचा भाव साधारण ठाऊक असतो. तुमच्या भावाला मात्र तिथले भाव सवयीचे, तुम्हाला इथले. त्याच्या मनात डॉलर इतके गृहीत आहेत की ते लिहायचं त्याला सुचलंच नाही.

आता समजा, तुम्ही इथल्या दवाखान्यात फोन केलात आणि उत्तर मिळालं, "नऊला होईल." हे नऊ हजार; इथे तर हजारही गाळला. भावाचे १२०० रुपये धरलेत तर सिंगापूर स्वस्त ठरेल. सिंगापूर डॉलर धरलेत आणि एका डॉलरचे ६५ रुपये मोजलेत तर ते ७८,००० होतात, म्हणजे पुणं कितीतरी स्वस्त. उत्तर थेट उलटतं. डॉलर सिंगापूरचा की अमेरिकेचा ही शंका त्यामानाने किरकोळ. कुठलाही धरा, पुणंच स्वस्त. म्हणून आधी रुपये की डॉलर एवढं पक्कं करा.

दुसरी अडचण 'ला'चीच आहे. 'आंबे सहाशेने घेतले' म्हटलं की तो डझनाचा दर, हे लगेच कळतं. 'सहाशेला घेतले' यात मात्र दर असेल किंवा सगळ्या आंब्यांची मिळून रक्कम. भावाला दोन कॅप बसवायच्या असतील तर 'बाराशेने' म्हणजे प्रत्येकी, हे स्पष्ट झालं असतं. 'बाराशेला' दोन्हींचे मिळूनही असू शकतात.

मी असं विचारलं असतं: "१२०० सिंगापूर डॉलर ना? एका कॅपचे की सगळ्यांचे? आणि कॅप धातूची की झिर्कोनियाची?" इथला भाव कळवतानाही 'नऊला' लिहू नका. 'एका झिर्कोनिया कॅपचे ९,००० रुपये' असं सगळं लिहा, नाहीतर तो नऊशे समजून तिकीट काढायचा.