ऑफर स्वीकारताना तारीख, कागदपत्रे आणि पुढील प्रक्रिया ईमेलमध्ये कशी लिहावी?

प्रश्न: काल, ३ जूनला, मला ईमेलने ऑफर लेटर आले. रुजू होण्याची तारीख १ जुलै दिली आहे, पण माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे आणि मी अजून राजीनामा दिलेला नाही. ऑफर स्वीकारतो असे लिहून तारीख, कागदपत्रे आणि पुढच्या प्रक्रियेबद्दल कसे विचारू?

उत्तर: मी भरतीचे काम करतो आणि अशी उत्तरे रोज वाचतो. आपल्या बाबतीत सर्वांत नाजूक गोष्ट तारीख आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

'ऑफर मान्य आहे' एवढेच लिहून १ जुलै ही तारीख असलेल्या पत्रावर आपण स्वाक्षरी केली, तर ती तारीखही आपण मान्य केली असा त्याचा अर्थ होतो. उलट, मान्यता देताना तारीख स्वतःच बदलून लिहिली, तर ती मूळ ऑफरची स्वीकृती राहत नाही; तो आपण मांडलेला नवा प्रस्ताव ठरतो आणि कंपनीने होकार देईपर्यंत काहीच पक्के होत नाही. म्हणूनच बाकीच्या अटी मान्य असल्याचे स्पष्ट लिहून तारखेपुरती विनंती करावी, सुधारित पत्र मागावे आणि स्वाक्षरी त्या सुधारित पत्रावरच करावी. जुन्या पत्रातील तारीख पेनाने खोडून स्वाक्षरी करणे मात्र टाळावे, कारण कंपनीच्या नोंदीत जुनीच तारीख राहते.

इथे आणखी एक पेच आहे. नोटीस पिरियड राजीनाम्याच्या दिवसापासून मोजला जातो आणि कंपनीची लेखी मान्यता हाती येण्यापूर्वी राजीनामा देणे धोक्याचे असते. म्हणजे आपली रुजू होण्याची तारीख त्यांच्या उत्तराच्या तारखेवर अवलंबून आहे. हा संबंध ईमेलमध्येच लिहून टाकला की पुढे वाद राहत नाही. सोमवारी, ८ जूनला राजीनामा दिला तर ३० दिवस ८ जुलैला, बुधवारी, पूर्ण होतात. मी लगेच दुसऱ्या दिवसाची तारीख मागणार नाही, कारण काम हस्तांतरित करताना एखादा दिवस वाढतोच. सोमवार, १३ जुलै ही तारीख योग्य वाटते. तारखेसोबत वारही लिहावा आणि महिना अक्षरांत लिहावा. नुसत्या आकड्यांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ शकते.

मी असे लिहीन:

"महोदया, आपले ३ जून २०२६ चे ऑफर लेटर मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. त्यातील पद, वेतन आणि इतर अटी मला मान्य आहेत. केवळ रुजू होण्याची तारीख १ जुलैऐवजी सोमवार, १३ जुलै २०२६ करावी, अशी विनंती आहे. माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. आपली लेखी मान्यता सोमवार, ८ जूनपर्यंत मिळाल्यास आणि पार्श्वभूमी पडताळणीची अट बाकी नसल्यास मी त्याच दिवशी राजीनामा देईन आणि ८ जुलै हा माझा शेवटचा दिवस राहील. सुधारित पत्र मिळताच स्वाक्षरी करून पाठवीन.

पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप तयार आहेत. त्या कुठे अपलोड करायच्या, ते कळवावे. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवसानंतर मिळेल, त्यामुळे रुजू होताना राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल चालेल का? तसेच, ही ऑफर पार्श्वभूमी पडताळणीवर अवलंबून असल्यास ती केव्हा पूर्ण होईल आणि पहिल्या दिवशी कुठे व कोणाकडे यायचे, हेही कृपया कळवावे."

कागदपत्रांपैकी रिलीव्हिंग लेटरवरच बहुतेकांचे अडते. रुजू होताना आणायच्या यादीत ते असते, पण जुनी कंपनी ते हिशेब पूर्ण झाल्यावरच देते आणि त्याला कधी कधी काही आठवडे लागतात. आधी विचारून ठेवले, तर पहिल्या दिवशी प्रवेशद्वारापाशी खोळंबा होत नाही. ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील शक्यतो कंपनीच्या पोर्टलवरच द्यावा, आणि तो मागणारा ईमेल कंपनीच्याच डोमेनवरून आला आहे ना, हे पाहून घ्यावे.

ज्या ईमेलमध्ये पत्र आले, त्यालाच उत्तर द्यावे आणि त्यातील सर्वांना सोबत ठेवावे. पत्रात स्वीकृतीची मुदत दिली असेल, तर ती संपण्यापूर्वी उत्तर पोहोचलेच पाहिजे. आपल्याला आजच लिहिणे सोयीचे आहे. शनिवार-रविवारपूर्वी त्यांना एकच दिवस मिळतो, त्यामुळे उद्या दुपारपर्यंत प्रतिसाद आला नाही, तर फोन करावा. मात्र फोनवर मिळालेला होकार ईमेलवर लिहून मागावा. मान्यता ८ जूननंतर आली, तर १३ जुलैचा हिशेब नव्याने मांडून सुधारित तारीख कळवावी. सुधारित पत्र आल्यावर त्यात तारखेखेरीज काही बदललेले नाही ना, विशेषतः वेतनाचा तक्ता आणि कामाचे ठिकाण, हे जुन्या पत्राशी ताडून पाहावे. पडताळणीची अट असेल, तर ती पूर्ण झाल्याचेही लेखी कळल्यावर मगच राजीनामा द्यावा.