अमॉक्सिसिलिनने न उतरलेला न्यूमोनिया

प्रश्न: हॉस्टेलवर राहणाऱ्या माझ्या १९ वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट ५ दिवस देऊनही ताप हटेना. अॅझिथ्रोमायसिन सुरू केल्यावर २ दिवसांत उतरला. पहिलं औषध चुकीचं होतं का?

चुकीचं नव्हतं. न्यूमोनियाचा पेशंट आला की आधी न्यूमोकॉकस या जंतूचा बंदोबस्त करावा लागतो, कारण तो झपाट्याने जीवावर बेततो आणि त्यावर हे औषध चांगलं चालतं. तुमच्या वर्णनावरून मुलीला मायकोप्लाझ्मा या जंतूचा न्यूमोनिया झाला असावा. मी फिजिशियन आहे. हॉस्टेलमधली मुलं, आठवडाभर हळूहळू वाढलेला कोरडा खोकला, चालत ओपीडीत आलेला पेशंट आणि त्या मानाने बराच बिघडलेला एक्स-रे, असं चित्र आम्हाला ओळखीचं आहे.

पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना अडवतात. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. मायकोप्लाझ्माला मुळात भिंतच नसते, नुसतं पातळ आवरण असतं. त्यामुळे डोस वाढवून किंवा क्लॅव्ह्युलेनेट जोडून काही साधत नाही. अॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन जंतूचं प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतात, म्हणून ती लागू पडतात. जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या ग्रॅम स्टेनमध्येही हा जंतू दिसत नाही. घशाच्या स्वॉबचा पीसीआर उपयोगी. रक्तातली आयजीएम तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते.

लेजिओनेला या न्यूमोनियाच्या दुसऱ्या जंतूवरही पेनिसिलिनच्या कुळातली औषधं चालत नाहीत, पण त्याचं कारण अगदी वेगळं आहे. त्याला भिंत असते, पण तो फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींच्या आत शिरून वाढतो आणि ही औषधं तिथे पुरेशी पोचत नाहीत. माझे एक पेशंट, वय ५८, सिगारेट ओढणारे, हॉटेलात राहून आल्यावर आठवड्याभरात आजारी पडले. ताप १०३, नाडी मात्र ८८. जुलाब, असंबद्ध बोलणं, रक्तातलं सोडियम घसरून १२६. पेनिसिलिनच्याच जवळच्या कुळातल्या सेफ्ट्रिअॅक्सोनचे ३ दिवस झाले तरी ऑक्सिजन घसरतच होता. जुलाब आणि सोडियम एकत्र पाहून मी लघवीतली अँटिजेन तपासणी पाठवली, ती पॉझिटिव्ह आली. लिव्होफ्लॉक्सासिनवर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ही खूण आधी ओळखायला हवी होती, याची मला आजही रुखरुख आहे. ती तपासणी मुख्यतः लेजिओनेलाचा सेरोग्रुप १ हा एकच प्रकार पकडते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी शंका दाट असेल तर थुंकीचा पीसीआर करावा आणि औषध थांबवू नये. नेहमीच्या कल्चरवर हा जंतू उगवत नाही. त्याला सिस्टीन आणि लोह घातलेलं कोळशाचं खास माध्यम लागतं, हे लॅबला आधी सांगावं लागतं.

एक कळकळीची विनंती: पुढच्या खोकल्याला अॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन स्वतःहून आणू नका. विशेषतः लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही थोडं चालतं, त्यामुळे ताप तात्पुरता उतरतो आणि टीबीचं निदान लांबतं. खोकला २ आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर मी ते सुरू करण्याआधी थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घेतो.