भडंगाच्या पाकिटावरची खार

प्रश्न: मुलांच्या खाऊसाठी मॅस्कॉट करायचा आहे. चित्र गोड असलं की झालं ना? की पोरांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहायला आणखी काही लागतं?

सांगलीत पाकिटांची डिझाइनं करून मला बारा वर्षं झाली. गोड चित्रं भरपूर काढली, त्यातली निम्मी आता माझी मलाच आठवत नाहीत. म्हणून एकच काम जरा नीट सांगतो.

कुपवाड एमआयडीसीत भडंग करणारे एक कारखानदार आहेत. त्यांना लहान मुलांसाठी 5 रुपयांचं पाकीट काढायचं होतं: तिखट कमी, शेंगदाणे जास्त. फर्माईश होती, "हिरो पोरगा काढा. पाठीला लाल कापड, अंगठा वर." काढला. त्यांना आवडला, त्यांच्या पार्टनरना आवडला, मलाही बरा वाटला.

मग मी माझी नेहमीची परीक्षा घेतली. विश्रामबागेतल्या एका सोसायटीत 12 मुलं जमवली, सात ते दहा वर्षांची. पालकांना विचारून त्यांना नमुन्याची पाकिटं दिली. पोरांनी भडंग खाल्लं, पाकिटं चुरगाळली, खेळायला गेली. तिसऱ्या दिवशी परत गेलो आणि कोरे कागद नि खडू दिले. "परवाच्या पाकिटावर कोण होतं, काढा बघू." नऊ जणांनी लाल कापड काढलं. कोण आहे हा, असं विचारलं तर टीव्हीवरच्या हिरोंची नावं सांगितली. भडंग एकाच्याही चित्रात नव्हतं. म्हणजे छपाईच्या सिलिंडरचा खर्च आमच्या कारखानदाराचा आणि आठवण दुसऱ्याची.

"आवडलं का?" असं मुलांना विचारूच नका, ती हो म्हणतात. मधे दोन दिवस जाऊ द्या आणि आठवणीतून काढायला सांगा. कागदावर जे उतरतं तेवढाच तुमचा मॅस्कॉट. बाकीचं सगळं तुम्ही आणि तुमच्या डिझायनरने हौसेने काढलेलं असतं.

नव्या पात्राचा ठळक भाग जुन्या ओळखीच्या पात्रासारखा असला की मुलाचं मन ते जुन्याच्या खात्यात जमा करतं. म्हणून तो भाग आपला हवा, आणि खाण्याशी बांधलेला हवा. एशियन पेंट्सचा गट्टू आठवतो का? आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढलेला. केस कपाळावर आलेले, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. डबा आणि ब्रश काढून घ्या, मग उरतो एक खोडकर पोरगा, कुणाच्याही जाहिरातीत खपेल असा.

आम्ही मग भडंगाकडेच बघत बसलो. त्यात मुलं आधी काय करतात? शेंगदाणे वेचून खातात. शेंगदाणे कोण पळवतं? खार. आपल्याकडच्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात आणि ते रामाने बोटं फिरवल्यामुळे, हे आजीने प्रत्येक पोराला सांगितलेलं असतं. पट्टे शिकवायची गरजच नव्हती. आम्ही फक्त एक गोष्ट घातली: तिचा डावा गाल शेंगदाण्यांनी टम्म फुगलेला. एकच गाल. दोन्ही फुगवले की ती नुसती गुटगुटीत दिसते, एक फुगवला की तोंडात काहीतरी कोंबलंय हे कळतं.

पुन्हा तीच परीक्षा, दुसऱ्या सोसायटीतली 12 मुलं. शेपटी कुणाची कोल्ह्यासारखी झाली, कुणाची झाडूसारखी. पण दहा चित्रांत एक गाल फुगलेला होता, आठ चित्रांत पट्टे होते. एकीने तर गालाच्या आत शेंगदाणे मोजून काढले होते. त्या दिवशी मी कारखानदारांना सांगितलं, आता छापायला हरकत नाही.

नाव ठेवताना मात्र मी फजिती करून घेतली. उत्साहात 'गालफुगी' सुचवलं. कारखानदारांच्या आई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, गालफुगी म्हणजे गालगुंड! आजाराच्या नावाचा खाऊ कोण घेऊन देईल?" मग मुलांनाच विचारलं, ही काय करते? दोघं-तिघं ओरडली, "फस्त करते!" नाव झालं फस्ती. दुकानात मुलाला मागता यावं म्हणून नाव असतं. काउंटर उंच, गर्दी, दुकानदार घाईत. तिथे "फस्ती द्या" हे एका दमात म्हणता येतं.

आता पाकिटाकडे. 5 रुपयांच्या पाकिटावर पात्राला मिळतात जेमतेम चार सेंटिमीटर, आणि ते पाकीट दुकानात माळेला लटकलेलं असतं. आत हवा भरली की पाकीट फुगतं. मधला भाग पुढे येतो, कडेचं चित्र वळून मागे जातं, वरखालची पट्टी सीलमध्ये जाते. आमच्या पहिल्या नमुन्यात फस्तीचे कान सीलखाली गेले आणि फुगलेला गाल कडेला वळला, म्हणजे जे दिसायला हवं तेच गेलं. स्क्रीनवर हे कधीच कळत नाही. डिजिटल प्रिंट काढा, खरं पाकीट भरून सील करा, दोरीला टांगा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. शिवाय ग्रॅव्हूर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो आणि रंग किंचित सरकतातच. बारीक रेघ दोन-तीन रंग मिसळून केली असेल तर तिला भुतासारखी दुसरी रेघ दिसते. डोळे आणि बाह्यरेषा एकट्या काळ्यात ठेवा.

वर्षानुवर्षं लक्षात राहण्याचं म्हणाल, तर सगळ्यात मोठा धोका मालकाचा कंटाळा. तो आपलं पात्र दिवसाला शंभरदा बघतो, पोरगं आठवड्यातून एखाद-दोनदा. मालक विटतो तेव्हा पोराची कुठे ओळख होत असते. आमच्या कारखानदारांनी आठ महिन्यांनी एका छोट्या लॉटवर मला न विचारता दुसरा गालही फुगवून घेतला, "बॅलन्स वाटावा म्हणून". माझा भाचा ते पाकीट हातात घेऊन म्हणाला, "मामा, ही डुप्लिकेट आहे." अमूलची मुलगी 1966 पासून आहे. होर्डिंगवरचा विषय सतत बदलतो, पण ठिपक्यांचा फ्रॉक आणि निळे केस तेच. म्हणून मी आता कामासोबत एक पान देतो: कोणता गाल, किती पट्टे, कोणता पिवळा, कायम काय राहील. त्याखाली दिवाळीला काय बदलता येईल तेही लिहितो, म्हणजे हौस भागते.

शाळेबाहेर फस्तीच्या वह्या वाटायचाही बेत होता. तो मी थांबवायला लावला. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त फॅट, मीठ, साखर असलेल्या खाऊची विक्री किंवा जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत करता येत नाही. तुमचा खाऊ त्यात बसतो का, ते लॅबचा रिपोर्ट हातात घेऊन आधी तपासा.

आणि चित्र ज्याच्याकडून काढून घ्याल त्याच्याकडून हक्क लेखी घ्या, मुदतीसकट. करारात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्यानुसार ते हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं. पहिल्या कामात मीही मुदत लिहिली नव्हती. फस्तीच्या वेळी कारखानदारांच्या वकिलांनी ती लिहून घेतली, तेव्हा मला हे कळलं.