जंबुद्वीपापासून लॅम्बटनच्या साखळीपर्यंत

प्रश्न: धार्मिक आकृत्यांसारखे नकाशे मोजणीचे कधी झाले? आणि त्यातून राजांचे हेतू कळतात का?

भारतापुरतं सांगतो. जंबुद्वीपाच्या चित्रात मध्यभागी मेरू असतो, भोवती खंड आणि समुद्र. विश्वात आपलं स्थान कुठे, एवढंच ते सांगतं. त्यावरून वाट शोधायची नसते.

१७९९मध्ये टिपू पडला आणि म्हैसूरचा मुलूख कंपनीच्या पकडीत आला. कंपनीचा सर्वेक्षक कॉलिन मॅकेन्झी याच्या पाहणीत गावं, तलाव, किल्ले, रस्ते टिपले गेले. सारा कुठून येईल आणि फौज कुठून जाईल, हे त्या यादीतच दिसतं.

१८०२मध्ये विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा पोलादी साखळीने मोजली. उन्हाने साखळी लांबते, म्हणून तापमान नोंदवून हिशेब दुरुस्त करायचा. पुढे या रेषेपासून एकाला एक जोडून त्रिकोण रचायचे; प्रत्येक त्रिकोणाचे फक्त कोन थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने मोजायचे, बाजू गणिताने काढायच्या. चूक साठत जाते, म्हणून दूरवर दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजून उत्तर ताडायचं. १८०८मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो अवजड थिओडोलाइट आदळला, तरी लॅम्बटनने तो दुरुस्त करून काम चालू ठेवलं. १८२३मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला. मोजणी उत्तरेकडे चालूच राहिली.